गृहकर्जाचा हप्ता: त्यात व्याज किती, मुद्दल किती आणि ते कसे ठरते

माझ्या एका सहकाऱ्यांनी गृहकर्जाचे चौदा हप्ते भरल्यावर बँकेकडून खातेउतारा मागवला आणि तो हातात घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले. चौदा महिन्यांत त्यांनी ३,६४,४९० रुपये भरले होते आणि कर्ज मात्र फक्त ७०,१६३ रुपयांनी कमी झाले होते. उरलेले जवळजवळ तीन लाख कुठे गेले, हा त्यांचा प्रश्न होता; आणि बँक आपले व्याज आधी वसूल करून घेते, मुद्दल मागून, हे उत्तर त्यांना कोणीतरी आधीच देऊन ठेवले होते. हे उत्तर फार प्रचलित आहे आणि ते चुकीचे आहे. बँक पुढच्या वर्षांचे व्याज आज घेत नाही. ती दर महिन्याला फक्त त्या महिन्याचे व्याज घेते, आणि तरीही उतारा असाच दिसतो. असे का, हे समजण्यासाठी एका कर्जाचा हिशोब सुरुवातीपासून आपल्या हाताने करून पाहणे हाच सर्वांत सोपा मार्ग आहे.

उदाहरणासाठी त्याच सहकाऱ्यांचे कर्ज घेऊ. रक्कम ३०,००,००० रुपये, व्याजदर वर्षाला साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षे, म्हणजे २४० हप्ते. या कर्जाचा मासिक हप्ता २६,०३५ रुपये येतो.

पहिली पायरी: पहिले तीन महिने कागदावर मांडा

वर्षाला साडेआठ टक्के म्हणजे महिन्याला त्याचा बारावा भाग. पहिल्या महिन्यात पूर्ण तीस लाख रुपये आपल्याकडे होते, म्हणून त्या महिन्याचे व्याज ३०,००,००० गुणिले साडेआठ टक्के भागिले बारा, म्हणजे २१,२५० रुपये झाले. आपण २६,०३५ रुपये भरले. त्यातून व्याजाचे २१,२५० वजा केल्यावर ४,७८५ रुपये उरतात, आणि तेवढेच मुद्दलात जमा होतात. शिल्लक मुद्दल आता २९,९५,२१५ रुपये.

दुसऱ्या महिन्याचे व्याज तीस लाखांवर लागत नाही, या नव्या शिलकीवर लागते. ते २१,२१६ रुपये येते, म्हणजे आधीपेक्षा ३४ रुपये कमी. हप्ता तोच असल्यामुळे हे ३४ रुपये मुद्दलाच्या बाजूला जातात आणि मुद्दलात ४,८१९ रुपये जमा होतात. तिसऱ्या महिन्यात व्याज २१,१८२ आणि मुद्दल ४,८५३. हप्त्याची रक्कम हलत नाही, मात्र तिच्या आतली रेघ दर महिन्याला थोडी सरकते, आणि ती किती सरकणार हे फक्त शिल्लक मुद्दल ठरवते.

संपूर्ण वेळापत्रकात याहून वेगळे काहीही घडत नाही. शिलकीवर महिन्याचे व्याज काढायचे, ते हप्त्यातून वजा करायचे, उरलेले शिलकीतून वजा करायचे, आणि हेच २४० वेळा करायचे. यालाच घटत्या शिलकीवरील व्याज म्हणतात. सुरुवातीला व्याज मोठे असते, कारण सुरुवातीला कर्ज मोठे असते. पहिल्या महिन्यात तीस लाखांचे भाडे भरायचे असते आणि शेवटच्या महिन्यात जेमतेम पंचवीस-सव्वीस हजारांचे.

दुसरी पायरी: संपूर्ण वेळापत्रक तयार करा

तीन महिने हाताने मांडले की उरलेले संगणकावर करायला हरकत नाही. एक्सेल किंवा तत्सम कोणत्याही तक्त्यात पहिली ओळ शीर्षकांसाठी सोडून दुसऱ्या ओळीत हप्त्याचा क्रमांक, सुरुवातीची शिल्लक, व्याज, मुद्दल आणि अखेरची शिल्लक असे पाच रकाने करावेत. दुसऱ्या ओळीतील सूत्रे अशी असतील:

```
B2: 3000000
C2: =ROUND(B2*8.5%/12,0)
D2: =26035-C2
E2: =B2-D2
B3: =E2
```

यानंतर C2 पासून E2 पर्यंतची सूत्रे तिसऱ्या ओळीत उतरवावीत आणि मग B3 पासून E3 पर्यंतची ओळ खाली ओढत २४१ व्या ओळीपर्यंत न्यावी. हप्त्याची रक्कम माहीत नसेल तर ती पुढील पहिल्या सूत्राने मिळते. दुसरे आणि तिसरे सूत्र पहिल्या हप्त्यातील व्याज आणि मुद्दल थेट देतात. त्यातील १ च्या जागी हवा तो हप्ता क्रमांक घातला की त्या हप्त्याची विभागणी कळते.

```
=PMT(8.5%/12,240,-3000000)
=IPMT(8.5%/12,1,240,-3000000)
=PPMT(8.5%/12,1,240,-3000000)
```

तयार झालेल्या वेळापत्रकातील काही ओळी खाली दिल्या आहेत. पूर्ण रुपयांत मांडल्यामुळे आपल्या तक्त्यात काही रुपयांचा फरक दिसू शकेल.

| हप्ता | व्याज | मुद्दल | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|
| १ | २१,२५० | ४,७८५ | २९,९५,२१५ |
| १२ | २०,८६४ | ५,१७१ | २९,४०,२८९ |
| ६० | १८,७७८ | ७,२५७ | २६,४३,७९३ |
| १२० | १४,९५२ | ११,०८३ | २०,९९,७५८ |
| १४३ | १२,९९८ | १३,०३७ | १८,२२,००८ |
| १८० | ९,१०८ | १६,९२७ | १२,६८,८५२ |

दहा वर्षांनंतरची ओळ सर्वांत जास्त खटकते. मुदत निम्मी संपली, पण तीस लाखांपैकी एकवीस लाख अजून शिल्लक आहेत. कर्ज खरोखर निम्म्यावर यायला १६६ हप्ते, म्हणजे तेरा वर्षे दहा महिने लागतात. घर विकायचे किंवा कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचे ठरले की लोक ‘निम्मी वर्षे झाली म्हणजे निम्मे कर्ज फिटले’ असा अंदाज बांधून बसतात आणि बँकेने दिलेला शिलकीचा आकडा पाहून दचकतात. आकडा बरोबर असतो. अंदाज बांधताना वर्षे मोजलेली असतात, शिल्लक पाहिलेली नसते.

या वेळापत्रकासाठी बँकेवर अवलंबून राहण्याची गरज नाही, तरी ते बँकेकडूनही मिळते. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी कर्जदाराला मुख्य माहितीचे पत्रक देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे, आणि त्यासोबत संपूर्ण मुदतीचे परतफेडीचे वेळापत्रकही द्यावे लागते. सही करण्यापूर्वी त्यातील पहिल्या दोन-तीन ओळी आपल्या तक्त्याशी ताडून पाहाव्यात. सुरुवातीची रक्कमच जुळत नसेल, म्हणजे तीस लाखांऐवजी तिथे तीस लाख साठ हजार दिसत असतील, तर बहुधा कर्जासोबत घेतलेल्या विम्याचा हप्ता मुद्दलात मिसळलेला असतो, आणि त्यावरही आपण वीस वर्षे व्याज भरणार असतो.

तिसरी पायरी: रेघ मधोमध कधी येते ते ओळखा

वरच्या तक्त्यातील १४३ वा हप्ता मुद्दाम घेतला आहे. त्या हप्त्यात मुद्दलाचा भाग प्रथमच व्याजापेक्षा मोठा होतो. तोपर्यंत अकरा वर्षे दहा महिने उलटून गेलेले असतात.

आता शेवटाकडून मोजून पाहा. १४३ व्या हप्त्यापासून, तो धरून, ९८ हप्ते उरलेले असतात. यातली गंमत अशी की हा ९८ चा आकडा कर्जाच्या रकमेवर अवलंबून नाही आणि मूळ मुदतीवरही नाही. दहा लाखांचे कर्ज असो वा ऐंशी लाखांचे, पंधरा वर्षांचे असो वा तीस वर्षांचे, साडेआठ टक्के दर असेल तर ९८ हप्ते उरले की मुद्दलाचे पारडे जड होते. दर साडेसात टक्के असेल तर हा आकडा १११ होतो आणि साडेनऊ टक्के असेल तर ८७. मुदत पहिल्यापासूनच ९८ महिन्यांची, म्हणजे आठ वर्षे दोन महिन्यांची किंवा त्याहून कमी असेल, तर साडेआठ टक्क्यांच्या कर्जात पहिल्याच हप्त्यात मुद्दल जास्त आणि व्याज कमी असते. बँक ‘व्याज आधी’ घेत असती, तर हे कधीच शक्य झाले नसते.

याचा अर्थ असा की हप्त्याची विभागणी आपण किती वर्षे भरली यावर ठरत नाही; पुढे किती हप्ते उरले आहेत आणि दर काय आहे, या दोनच गोष्टींवर ती ठरते. आजची शिल्लक, आजचा दर आणि उरलेले हप्ते घेऊन नवे कर्ज मांडले तरी तंतोतंत तेच वेळापत्रक मिळते. ‘सुरुवातीचे व्याज भरून झाले, आता कर्ज लवकर फेडण्यात अर्थ नाही’ असे जे म्हटले जाते त्याकडे पुढे पुन्हा येऊ.

मुदत निवडतानाही हेच सूत्र उपयोगी पडते. हेच तीस लाख पंधरा वर्षांसाठी घेतले तर हप्ता २९,५४२ रुपये होतो, म्हणजे वीस वर्षांच्या हप्त्यापेक्षा ३,५०७ रुपयांनी जास्त. पहिल्या महिन्याचे व्याज मात्र दोन्हीकडे २१,२५० रुपयेच असते, कारण शिल्लक तीच आहे. म्हणून वाढीव ३,५०७ रुपये पूर्णपणे मुद्दलात जातात आणि ४,७८५ च्या जागी पहिल्याच महिन्यात ८,२९२ रुपये फिटतात. वीस वर्षांत एकूण व्याज सुमारे ३२ लाख ४८ हजार होते, तर पंधरा वर्षांत सुमारे २३ लाख १८ हजार. उलट दिशेने गेलो आणि मुदत तीस वर्षांची केली तर हप्ता २३,०६७ रुपयांपर्यंतच उतरतो, कारण २१,२५० रुपये व्याजाला लागणारच असतात आणि त्याखाली हप्ता जाऊच शकत नाही. पहिल्या महिन्यात मुद्दलात पडतात अवघे १,८१७ रुपये. हप्ता कमी करण्यासाठी मुदत वाढवत नेण्याचा उपाय वीस वर्षांनंतर फारसा उपयोगाचा राहत नाही, हे माझे मत या आकड्यांवरूनच झाले आहे.

चौथी पायरी: खातेउतारा वेळापत्रकाशी ताडून पाहा

आपला तक्ता आणि बँकेचा उतारा शेजारी शेजारी ठेवले की काही फरक दिसतील, आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. अनेक बँका व्याज महिन्याच्या हिशोबाने न काढता रोजच्या शिलकीवर काढतात. तीस लाखांवर ३१ दिवसांच्या महिन्याचे व्याज २१,६५८ रुपये येते, ३० दिवसांच्या महिन्याचे २०,९५९ आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीचे १९,५६२. त्यामुळे उताऱ्यातील व्याजाचा रकाना सरळ उतरत न जाता वरखाली होताना दिसतो. वर्षाची बेरीज आपल्या तक्त्याच्या जवळपास येत असेल तर काळजीचे कारण नाही. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी व्याज सुमारे २,५२,७०० आणि मुद्दल सुमारे ५९,७०० रुपये यायला हवे.

रोजच्या शिलकीवर व्याज लागत असेल तर हप्त्याची तारीखही थोडी महत्त्वाची ठरते. हप्ता पाच तारखेऐवजी पंधरा तारखेला पोहोचला, तर दहा दिवसांचे जादा व्याज त्याच हप्त्यातून वजा होते आणि मुद्दलात तेवढे कमी पडते. दंडाची रक्कम वेगळी लागते आणि ती उताऱ्यात दिसते. हे जादा व्याज वेगळे दाखवले जात नसल्यामुळे चटकन लक्षात येत नाही.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेतले असेल तर आणखी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. बँक पूर्ण कर्ज एकदम देत नाही; बांधकाम जसे पुढे जाईल तशी रक्कम बिल्डरला देत जाते. बारा लाख दिले असतील तर त्यावर महिन्याला ८,५०० रुपये व्याज लागते, आणि पूर्ण रक्कम दिली जाईपर्यंत अनेकदा एवढेच व्याज भरायला सांगितले जाते. यालाच प्री-ईएमआय म्हणतात. या भरण्यातून मुद्दलाचा एक रुपयाही फिटत नाही आणि २४० हप्त्यांची मोजणीही सुरू होत नाही. ताबा तीन वर्षे लांबला तर तीन वर्षे भरत राहूनही कर्ज होते तिथेच असते. जमत असेल तर बँकेला लेखी कळवून मिळालेल्या रकमेवर पहिल्यापासून पूर्ण हप्ता सुरू करून घ्यावा, म्हणजे व्याज वजा जाऊन उरलेली रक्कम मुद्दलात पडते.

पाचवी पायरी: व्याजदर बदलला की वेळापत्रक नव्याने मांडा

आतापर्यंतचा सर्व हिशोब दर वीस वर्षे तसाच राहील असे धरून केला. प्रत्यक्षात बहुतेक गृहकर्जे बदलत्या दराची असतात. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली अशी नवी कर्जे बाहेरच्या निर्देशक दराशी, बहुतांशी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला, आणि वेळापत्रक कसे मोडते हे असंख्य कर्जदारांनी त्या दहा महिन्यांत अनुभवले.

आपल्या उदाहरणात एक वर्ष संपल्यावर शिल्लक २९,४०,२८९ रुपये आहे आणि २२८ हप्ते उरले आहेत. समजा दर साडेआठवरून साडेनऊ टक्के झाला आणि बँकेने हप्ता तोच ठेवला. पुढच्या महिन्याचे व्याज २३,२७७ रुपये येईल आणि २६,०३५ मधून मुद्दलासाठी फक्त २,७५८ रुपये उरतील. आदल्या महिन्यात हाच भाग ५,१७१ होता. एक टक्क्याच्या वाढीने मुद्दलाचा भाग जवळपास निम्म्यावर आला, कारण वाढलेले व्याज हप्त्यातून आधी वजा होते आणि सगळा मार मुद्दलाला बसतो. परिणामी उरलेले हप्ते २२८ ऐवजी २८५ होतात. कर्ज ५७ महिन्यांनी, म्हणजे पावणेपाच वर्षांनी लांबते.

खात्यातून जाणारी रक्कम तीच असल्यामुळे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. हप्ता वाढवून घेतला असता तर तो २७,८९९ रुपये झाला असता, म्हणजे महिन्याला १,८६४ रुपये जास्त, आणि मुदत २२८ हप्त्यांवरच राहिली असती. दर यापुढे साडेनऊवरच राहिला असे धरले, तर या दोन पर्यायांत एकूण भरण्याचा फरक साधारण साडेदहा लाख रुपयांचा आहे.

दर आणखी वाढत गेला तर एक टोक येते. आपल्या शिलकीवर दर सुमारे १०.६ टक्क्यांच्या पुढे गेला की महिन्याचे व्याजच २६,०३५ पेक्षा जास्त होते. मग मुद्दलात काहीच पडत नाही आणि हप्ते नियमित भरूनही कर्ज वाढू लागते. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने अशी स्थिती येऊ न देण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थांवर टाकली आहे. त्याच परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्हींचा मेळ घालायचा, हे निवडण्याची मुभा कर्जदाराला द्यावी लागते; आणि दर तिमाहीला आतापर्यंत वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर दाखवणारे विवरण उपलब्ध करून द्यावे लागते.

या विवरणात मी स्वतः सर्वांत आधी उरलेल्या हप्त्यांची संख्या पाहतो. तीन महिन्यांत ती तीनने कमी झाली असेल तर पुढे पाहण्याची गरज नाही. ती वाढली असेल तर दर वाढून मुदत ताणली गेली आहे असे समजावे आणि हप्ता वाढवायचा असल्यास त्याच आठवड्यात बँकेला पत्र द्यावे. दर कमी होतो तेव्हाही हेच उलट दिशेने तपासावे, कारण रेपो दर उतरला तरी आपल्या कर्जाचा दर पुढच्या ठरलेल्या तारखेलाच बदलतो.

सहावी पायरी: जादा रक्कम भरायची असेल तर वेळापत्रकातल्या ओळी मोजा

पहिले वर्ष संपताना हातात एक लाख रुपये आले आणि ते कर्जात भरले, असे समजा. त्यांचे नेमके काय होते, हे वेळापत्रकातच दिसते. तेरावी ते तिसावी या अठरा ओळींतील मुद्दलाच्या रकान्याची बेरीज केली तर ती ९९,६०६ रुपये येते. म्हणजे आज भरलेल्या एका लाखाने पुढच्या अठरा हप्त्यांचे मुद्दल एकदम फिटते आणि आपण बाराव्या ओळीवरून थेट तिसाव्या ओळीखाली उतरतो. त्या अठरा ओळींतील व्याज, सुमारे ३ लाख ६९ हजार रुपये, आता भरावे लागत नाही. हप्ता मात्र तोच ठेवायला हवा.

हेच एक लाख पंधराव्या वर्षाच्या अखेरीस भरले तर सहापेक्षा थोडे कमी हप्ते वाचतात आणि व्याजाची बचत सुमारे पन्नास हजारांची होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘उशिरा भरण्यात अर्थ नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. दोन्ही वेळा एक लाखावर वर्षाला साडेआठ टक्केच वाचतात. पहिल्या वेळी ते एकोणीस वर्षे वाचत राहतात, दुसऱ्या वेळी पाच. म्हणून कर्जाच्या कोणत्याही वर्षी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे पैसे दुसरीकडे ठेवले तर कर कापून साडेआठ टक्क्यांहून जास्त, आणि तेवढ्याच खात्रीने, मिळतील का? किती वर्षे भरून झाली याचा त्या उत्तराशी संबंध नाही. अडीअडचणीसाठी ठेवलेले पैसे मात्र यात घालू नयेत, कारण कर्जात गेलेली रक्कम सहसा परत काढता येत नाही.

व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीपूर्वी पैसे भरण्यासाठी बँक शुल्क आकारू शकत नाही. प्रत्यक्ष भरताना अर्जात दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: ही रक्कम मुद्दलात जमा करावी, आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. पहिली लिहिली नाही तर रक्कम पुढच्या काही हप्त्यांची आगाऊ भरणा म्हणून पडून राहण्याची शक्यता असते, आणि तशी ती राहिली तर मुद्दल लगेच कमी होत नाही. दुसरी लिहिली नाही तर मुदत तशीच ठेवून हप्ता कमी केला जाऊ शकतो; त्यात महिन्याचा भार हलका होतो, पण व्याजाची बचत बरीच घटते. चार-पाच दिवसांनी उतारा काढून शिल्लक २८,४०,२८९ च्या आसपास आली का आणि उरलेले हप्ते २२८ वरून २१० झाले का, हे पाहावे. आले नसतील तर पुढचा हप्ता जाण्याआधी शाखेत जाऊन दुरुस्ती करून घ्यावी, कारण तोपर्यंत व्याज जुन्याच शिलकीवर चालू राहते.

मध्ये काहीही बदलले नाही तर तक्त्याची शेवटची, २४० व्या हप्त्याची ओळ अशी असते: सुरुवातीची शिल्लक सुमारे २५,६६० रुपये, व्याज १८२ रुपये, आणि म्हणून हप्ता २६,०३५ चा न होता त्यापेक्षा सुमारे १९० रुपयांनी कमी. २६,०३४ रुपये ७० पैशांचा हप्ता पूर्ण रुपयांत आणताना दर महिन्याला तीस पैसे जादा भरले गेले होते आणि त्यांनीही आपापल्या काळाचे व्याज वाचवले, त्याचा हा हिशोब आहे. बँकेने शेवटच्या महिन्यात पूर्ण २६,०३५ कापले, तर हा फरक परत मागावा.